करड्या काचेची कसोटी

फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवली एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला आणि त्याची छायाचित्रं सगळीकडे झळकली. रस्त्यावरचा रंग नुसत्या डोळ्यांना दिसतो. पण ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या रासायनिक पट्ट्यात प्रयोगशाळांना रंग आकड्यात मोजावा लागतो. मालाची स्ट्रेंग्थ किती, सांडपाण्यात रंग किती, हे सांगणारं यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर. हे यंत्र कुठपर्यंत खरं बोलतं, ते कसं शोधायचं, हे आज पाहू.

यंत्राचं काम तसं साधं. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश द्रावणातून सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते मोजायचं. दहावा हिस्सा पोचला तर शोषकता १, शंभरावा पोचला तर २, हजारावा पोचला तर ३. पडद्यावर ३ चा आकडा उमटतो म्हणून यंत्राला ३ मोजता येतं असं मात्र नाही.

समजा, झाकणाच्या फटीतून किंवा नमुन्याच्या कडेने हजारात एक भाग प्रकाश चुकून आत शिरतो. शोषकता १ असताना हजारातले शंभर भाग पोचतात; त्यात एकाची भर पडली तरी कुणाला कळत नाही. शोषकता ३ असताना मात्र एकच भाग पोचायला हवा, तिथे दोन पोचतात आणि यंत्र २.७० दाखवतं. म्हणजे नमुना जितका गडद, तितकं यंत्र त्याला फिकट ठरवतं.

हे पकडायला न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर वापरतात. ही करडी काच दृश्य प्रकाशातल्या सगळ्या रंगांना जवळपास सारखीच अडवते. प्रत्येक काचेबरोबर तिच्या शोषकतेचं प्रमाणपत्र येतं. द्रावण बनवताना होणारी वजनाची, पिपेटची चूक इथे मुळातच नसते.

यंत्र अर्धा तास तापू द्यावं. प्रमाणपत्रावर दिलेली तरंगलांबी लावावी, रिकाम्या होल्डरवर शून्य करावं आणि फिकट काचेपासून गडदकडे जावं. प्रत्येक काच काढून पुन्हा बसवून तीनदा वाचावी. वर सांगितलेल्या गळक्या यंत्रात १ ची काच १.०० येईल, १.५ ची १.४९, २ ची १.९६ आणि २.५ ची २.३८. एक टक्क्यापर्यंतची चूक चालते असं ठरवलं, तर या यंत्राची मर्यादा १.५ झाली. पुढचे आकडे दिसतात, पण ते धरायचे नाहीत.

याचा व्यवहारात अर्थ काय? प्रमाण मालाची शोषकता खरोखर २.५ आणि नव्या बॅचची २.० असेल, तर बॅच ८० टक्के स्ट्रेंग्थची. हे यंत्र तिला ८२ टक्क्यांच्या वर दाखवील. दोन टक्क्यांचा हा फरक थेट बिलात उतरतो. द्रावण चौपट पातळ केलं असतं, तर दोन्ही आकडे मर्यादेत आले असते.

गळती शोधायची, तर काचेच्याच आकाराची अपारदर्शक काळी पट्टी होल्डरमध्ये ठेवावी. प्रकाश शून्य टक्के दिसायला हवा. नसेल, तर झाकणावर काळं कापड टाकून पाहावं. आकडा उतरला तर बाहेरचा प्रकाश झाकणातून येतोय. उतरला नाही, तर पट्टीच्या कडा आणि यंत्राचं शून्य तपासावं.

आता एक गोष्ट, जी तपासणीच्या कागदांत बऱ्याचदा राहून जाते. काही यंत्रांत निवडलेल्या तरंगलांबीबरोबर भलत्याच तरंगलांबीचा थोडा प्रकाशही सुटतो. करडी काच दोन्हींना सारखंच अडवते, त्यामुळे ही खोट तिच्या परीक्षेत दिसतच नाही. रंगाचं द्रावण मात्र आपल्या ठरावीक पट्ट्यातलाच प्रकाश खातं आणि भलता प्रकाश बिनदिक्कत पलीकडे जाऊ देतं. म्हणून काचेने दोनपर्यंत सरळ रेषा दाखवली, तरी प्रत्यक्ष रंगाची रेषा त्याआधीच वाकू शकते. काचेने काढलेली मर्यादा ही वरची मर्यादा. रंगाची तिच्याइतकी किंवा तिच्याहून कमी असेल.

तेव्हा त्याच रंगाची चार-पाच पातळ्यांची द्रावणंही मोजावीत. रेषा वाकली, तर दोष यंत्राचा की रंगाचा? मेथिलीन ब्ल्यूसारख्या रंगाचे रेणू गडद द्रावणात एकमेकांना चिकटतात आणि शोषकता खरोखरच बदलते. अशा वेळी तेच गडद द्रावण एक सेंटिमीटरऐवजी एक मिलिमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये मोजावं. आकडा दहाव्या हिश्शाला आला आणि रेषेवर बसला, तर दोष यंत्राचा. तिथेही रेषेबाहेरच राहिला, तर रंगाचा.

काच कडेलाच धरावी. बोटाचा ठसासुद्धा आकडा हलवतो. प्रमाणपत्राची मुदत संपलेली असेल, तर निदान ०.५ आणि १ च्या काचा एकत्र ठेवून १.५ येतात का पाहावं. आणि निघालेली मर्यादा, तरंगलांबी व तारखेसह, यंत्राच्या झाकणावरच चिकटवावी, म्हणजे रात्रपाळीच्या केमिस्टला नमुना केव्हा पातळ करायचा ते कळेल.