धाप किती वेळात उतरते?

माजलगावच्या आमच्या गटाच्या वर्गात मागच्या महिन्यात आम्ही पैशांऐवजी श्वास मोजले. लागलं काय? एक घड्याळ आणि शिवणकामाचा टेप.

दोघी-दोघींची जोडी केली. एक पाच मिनिटं निवांत बसली, दुसरीने तिचे श्वास मोजले. छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास. मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो, म्हणून नाडी बघतोय असं भासवून मनगट धरायचं. बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास होतात.

मग दोन मिनिटं जागेवरच भरभर चालायचं. थांबल्या थांबल्या 15 सेकंद मोजून चारने गुणायचं, कारण उशीर केला तर आकडा उतरतो. तीन मिनिटांनी परत मोजायचं. गरोदर, छातीत दुखणाऱ्या किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्या बायकांनी चालायचं नाही, मोजायला बसायचं.

श्वास वाढतो का? राबणारे स्नायू कार्बन डायऑक्साइड रक्तात सोडतात. तो वाढला की मेंदू छातीला हुकूम देतो, जोरात आणि खोल श्वास घे. म्हणजे धाप लागणं हा आजार नव्हे. ती उतरायला किती वेळ लागतो, ते बघायचं.

एका ताईचे श्वास 16 वरून 32 झाले आणि तीन मिनिटांत 18 वर आले. ऊसतोडीहून आलेल्या एका काकूंचे मात्र 20 वरून 40 झाले आणि तीन मिनिटांनीही 32 होते. "वयाचंच असंल," त्या म्हणाल्या. वय अडतीस!

आम्ही त्यांची छाती मोजली. टेप काखेतून, स्तनांच्या वरून आडवा धरला. पूर्ण श्वास सोडून 80 सेंटिमीटर, पूर्ण भरून 81. फरक फक्त एक! पण त्या पोट आत ओढून खांदे उचलत होत्या. खांदे सैल सोडायला लावले, तर फरक चार आला. अडीचपेक्षा कमी आला तर आधी आपलं मोजणंच तपासावं, ते असं.

छाती नीट फुलत होती, तरी धाप उतरत नव्हती. मग रक्तच कमी असेल का? सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन निघालं 8. बाईला 12 तरी हवं. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलं की प्राणवायू कमी वाहून नेला जातो, स्नायू लवकर थकतात आणि श्वास जास्त लागतो. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात.

मैत्रिणींनो, हे मोजणं म्हणजे तपासणी नव्हे. दम्यानं, हृदयानंही असंच होतं. कारण डॉक्टरच सांगतील. पण "थकवा येतो" म्हटलं तर घरात कुणी ऐकत नाही. "तीन मिनिटांनीही 32" म्हटलं, तेव्हा काकूंचे मालक स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.