पत्ता फुकटचा की विकतचा?



इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी प्रोजेक्टची वेबसाइट केली की एका प्रश्नावर हमखास वाद होतो. पत्ता फुकटचा घ्यायचा, की पैसे भरून स्वतःचं डोमेन घ्यायचं? एकजण म्हणतो, फुकटचा पत्ता परीक्षकांसमोर बरा दिसत नाही. दुसरा म्हणतो, पैसे कोण भरणार? माझ्या मते खरा प्रश्न या दोन्हींच्या पलीकडचा आहे. तो असा, की मुलं कॉलेजातून बाहेर पडल्यावर त्या पत्त्याचं काय होतं?

उदाहरण आपल्या गावचंच घेऊ. समजा, चार मुलांनी पंचगंगेच्या पाणीपातळीची वेबसाइट केली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलेल्या गावाला हे शिकवावं लागत नाही. प्रशासन जाहीर करतं ते आकडे ही मुलं वेबसाइटवर भरतात आणि आलेख काढतात. वेबसाइट गिटहब पेजेसवर ठेवली आहे. तिथं साधी पानं ठेवायला पैसे पडत नाहीत आणि पत्ताही आपोआप मिळतो. आपण तो `panchganga-patli.github.io` असा धरू. शेवटचं `github.io` हे गिटहबचं डोमेन आणि त्याच्या आधीचा तुकडा आपला. यालाच सबडोमेन म्हणतात.

आता विकतचा पत्ता, म्हणजे `panchganga-patli.in`. शेवटी `.in` असलेलं नाव साधारण पाचशे ते हजार रुपये वर्षाला मिळतं. पहिल्या वर्षी सवलत असते आणि दुसऱ्या वर्षीचा आकडा वेगळाच निघतो, म्हणून घेताना नूतनीकरणाचा दर आधी बघायचा. आणि हे पैसे फक्त नावाचे असतात. पानं पूर्वीसारखी गिटहबवरच राहतात, नाव तेवढं तिकडं वळवायचं असतं. पैसे भरले म्हणजे वेबसाइट वेगानं उघडेल किंवा जास्त माणसं पेलेल, असं काही नाही.

विकतच्या नावाचा खरा फायदा मला एकच दिसतो. ते तोंडानं सांगता येतं. मी आत्ता रेडिओवर बोलतोय, तर ‘डॉट गिटहब डॉट आयओ’ हे चिखली-आंबेवाडीतल्या एखाद्या आजोबांना ऐकून टिपून घेता येईल का? ‘डॉट इन’ मात्र येईल. पण आपल्याकडं लिंक फिरते व्हॉट्सॲपवर. तिथं माणूस पत्ता वाचत बसत नाही, बोट टेकवतो. परीक्षकही पत्त्याला गुण देत नाहीत.

आता तारखा बघा. मुलांनी प्रोजेक्ट दाखवायच्या वेळी, म्हणजे मे महिन्यात, एका वर्षासाठी `.in` घेतलं. घेतलं एकाच्या नावावर, त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर. महिन्याभरात निकाल लागला आणि तो पुण्याला नोकरीला गेला. पुढच्या मे मध्ये मुदत संपते. आठवणीचे ईमेल जातात ते त्याच कॉलेजच्या ईमेलवर, आणि तो कॉलेजनं बंद केलेला असतो. कार्डातून पैसे आपोआप कापले जातील या भरवशावर तर राहूच नये. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कपातीचे नियम कडक झाले आहेत आणि परदेशी कंपन्यांकडची अशी कपात पुष्कळदा होतच नाही.

मुदत संपली की वेबसाइट जाऊन जाहिरातींचं पान दिसू लागतं. काही दिवस नेहमीच्या दरानं नाव परत घेता येतं, त्यानंतर साधारण महिनाभर कितीतरी पट दंड भरून. हे दिवस विक्रेत्याप्रमाणं कमीजास्त असतात. तेही संपले की नाव पुन्हा बाजारात येतं. गेल्या पावसाळ्यात लोकांनी पाहिलेलं, गावोगावच्या ग्रुपवर पडून असलेलं नाव घ्यायला टपून बसलेले लोक असतात. मे पासून मोजा, हा दिवस येतो ऐन पुराच्या तोंडावर. 42 फूट झाले म्हणून कुणी जुनी लिंक उघडली तर समोर जुगाराचं पान.

यात आणखी एक मेख आहे. गिटहबला विकतचं नाव जोडलं की जुना फुकटचा पत्ता आपोआप नव्याकडं पाठवतो. पण डोमेन गेलं तरी गिटहबमधली ती नोंद तशीच राहते. मग फुकटचा पत्ताही लोकांना त्याच हरवलेल्या नावाकडं पाठवतो आणि दोन्ही वाटा एकदम बंद होतात. उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये पेजेसच्या भागात जाऊन `Custom domain` ची नोंद काढायची, की जुना पत्ता पुन्हा चालू लागतो. पण त्यासाठी खात्याचा पासवर्ड कुणाकडं तरी असायला हवा.

म्हणून माझं मत असं की सुरुवात फुकटच्या पत्त्यानं करावी. फुकटातून विकतकडं जाणं केव्हाही जमतं. मागच्या लिंक मोडत नाहीत, त्या नव्या नावाकडं जातात. उलट विकतचं नाव एकदा हातचं गेलं की त्यावरच्या सगळ्या लिंक दुसऱ्याच्या झाल्या.

फुकट म्हणजे काहीही घ्यावं असा मात्र याचा अर्थ नाही. फ्रीनॉम नावाची कंपनी `.tk` सारखी आख्खी डोमेन फुकट वाटायची आणि आपल्याकडच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी ती घेतली होती. फसवणुकीच्या वेबसाइटना तीच नावं सोयीची पडू लागली, मेटानं कोर्टात खेचलं, 2023 मध्ये नवी नोंदणी थांबली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये कंपनीनं या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. गिटहबही उद्या नियम बदलू शकतं. तो पत्ताही आपल्या मालकीचा नाहीच. पण तो दरवर्षी मे महिन्यात कुणाच्या विसरभोळेपणामुळं बंद पडत नाही, एवढं खरं.

फुकटचा पत्ता घेताना एक काम जरूर करावं. स्वतःच्या खात्यावर वेबसाइट ठेवू नये, नाहीतर पत्त्यात एकाचंच नाव येतं. गिटहबवर प्रोजेक्टच्या नावानं ऑर्गनायझेशन काढावी, तीही फुकट मिळते. तिचे मालक म्हणून दोघं विद्यार्थी आणि एक शिक्षक नेमावेत, म्हणजे पुढच्या बॅचला सूत्रं देता येतात. नाव एकदा ठरलं की बदलू नये. बदललं तर जुना पत्ता नव्याकडं जात नाही, सरळ बंद पडतो.

मग पैसे कधी भरायचे? पत्ता जेव्हा फलकावर रंगवला जाणार असेल किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर क्यूआर कोड लागणार असेल तेव्हा. तिथली चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही. तेव्हा एका वर्षासाठी न घेता पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. `.in` तर दहा वर्षांपर्यंत घेता येतं. चौघांत वाटून घेतलं तर माणशी हजाराच्या आसपास पडेल. विक्रेत्याकडचं खातं शिक्षकांच्या ईमेलवर ठेवा. आणि घ्यायचंच असेल तर मे-जूनमध्ये घेऊ नका, गणपती झाल्यावर घ्या, म्हणजे पाच वर्षांनी मुदत संपेल तेव्हा निदान पूर ओसरलेला असेल.