मुलांचे शब्द आणि बाईंचा प्रश्न



नववीला शिकवणाऱ्या एका बाईंनी आमच्या गटाला एक कागद लिहून दिला. वर्गात रोज कानावर पडणारे तीन शब्द त्यावर होते : रिझ, स्ले आणि सिक्स-सेव्हन. खाली त्यांचा प्रश्न होता, ‘या शिव्या आहेत का? शिक्षा करायची की सोडून द्यायचं?’ आम्ही गटातल्या बायकांनी घरोघरच्या मुलामुलींना विचारलं, शब्द कुठून आले ते शोधलं. जे हाती लागलं ते आज बाईंना सांगतो आहोत. घरात किशोरवयाचं मूल असेल तर तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी ‘रिझ’ घेऊ. इंग्रजीत ‘करिश्मा’साठी ‘करिझ्मा’ असा शब्द आहे. त्याचा पुढचा-मागचा भाग गळून मधला तुकडा उरला, तो ‘रिझ’. यात नवल नाही. आपण ‘इन्फ्लुएन्झा’चा मधला तुकडा घेऊन ‘फ्लू’ म्हणतोच की. कै सेनाट नावाचा एक अमेरिकन तरुण इंटरनेटवर थेट कार्यक्रम करतो, त्याच्या तोंडून हा शब्द जगभर पसरला. २०२३ साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. अर्थ असा, की बोलण्यावागण्यानं समोरच्याला, विशेषतः आवडत्या मुलाला किंवा मुलीला, भुरळ घालण्याची कला. आपल्याकडे ‘रिझवणे’ हा शब्द आहेच. दोघांचं काही नातं नाही, पण लक्षात ठेवायला सोपं जातं. ‘त्याच्यात रिझ आहे’ म्हणजे त्याला बोलून मन जिंकता येतं.

तेव्हा ही शिवी नाही. एखाद्या मुलानं छान भाषण केलं आणि मित्र ‘काय रिझ आहे’ म्हणाले, तर ते कौतुक आहे. पण हाच शब्द क्रियापद होतो, तेव्हा कान टवकारायचे. ‘तो तिला रिझ करतोय’ म्हणजे तिला पटवायचा प्रयत्न चालला आहे. ती मुलगी हसून उत्तर देत असेल तर ती वयाची गंमत. ती जागा बदलून बसते, मधल्या सुट्टीत वर्गाबाहेरच पडत नाही, आणि तरी मागून ‘रिझ, रिझ’ असा आवाज येतो, तर ती छेडछाड आहे. शब्द नवा आहे म्हणून तिचं नाव बदलत नाही.

दुसरा शब्द ‘स्ले’. इंग्रजीत याचा जुना अर्थ ठार मारणे. म्हणून बाई दचकल्या असणार. पण आपणही ‘मैदान मारलं’, ‘बाजी मारली’ म्हणतोच ना? तिथे कोणी मरत नाही. स्लेचं तसंच आहे. मुलगी नऊवारी नेसून गॅदरिंगला आली आणि मैत्रिणी ‘स्ले!’ म्हणून ओरडल्या, तर त्याचा अर्थ ‘काय दिसतेस, मैदान मारलंस!’ एवढाच.

या शब्दाचा उगम मात्र जाणून घ्यावा असा आहे. न्यूयॉर्क शहरात गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत काळ्या आणि लॅटिन अमेरिकन वंशाच्या समलिंगी व तृतीयपंथी लोकांच्या स्पर्धा भरायच्या. नटूनथटून चालायचं, नाचायचं, बक्षीस मिळवायचं. बाहेर ज्यांच्या दिसण्यावर लोक हसायचे, त्यांना इथे टाळ्या मिळायच्या. ‘स्ले’ला कौतुकाचा अर्थ अशा मंडळींत रुजला. पुढे गायिका, मग मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ, असं करत तो जगभर गेला. आपल्याकडे २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स आले. आज आपल्या मुलांपर्यंत असले शब्द मुख्यतः रील्स आणि यूट्यूबच्या शॉर्ट्समधून येतात. सोबत अर्थ येतो, पण मागची हकिगत येत नाही.

म्हणूनच बाईंच्या कागदावरची एक नोंद आम्हाला महत्त्वाची वाटली. त्यांनी लिहिलं होतं, की वर्गातला एक मऊ बोलणारा, हात हलवत चालणारा मुलगा फळ्यापाशी गेला की मागच्या बाकावरून ‘स्ले क्वीन’ असा आवाज येतो. बाईंना वाटलं, त्याचं कौतुक चाललं आहे. शब्दाचा अर्थ पाहिला तर कौतुकच. मग घडतंय काय ते कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघायच्या. पहिली, शब्द कधी येतो? त्यानं काही चांगलं करून दाखवल्यावर येत असेल तर शाबासकी. तो नुसता उठून उभा राहिला तरी येत असेल, तर तो त्याच्या चालण्याबोलण्यावरचा टोमणा आहे. दुसरी, हसतं कोण? तोही मोकळेपणानं हसला, उलट उत्तर दिलं, तर मैत्री. बाकीचे हसतात आणि तो खाली बघतो, तर मैत्री नव्हे. तिसरी, त्यानंतर तो काय करतो? आधी हात वर करणारा मुलगा आता उत्तर येत असूनही गप्प बसतो का? फळ्यापाशी जायचं टाळतो का?

बाईंच्या नोंदीत याची उत्तरं होतीच. तो हल्ली हजेरी पुटपुटतच देतो, असं त्यांनीच लिहिलं होतं. म्हणजे ज्यांच्यावर जग हसायचं त्यांच्यात रुजलेला कौतुकाचा शब्द इथे तशाच एका मुलावर हसण्यासाठी वापरला जातो आहे. अशा वेळी भर वर्गात ‘स्ले म्हणजे काय रे?’ असं विचारू नये, सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच्याकडेच वळतात. मुलाला एकट्याला गाठून ‘ते तुला असं म्हणतात तेव्हा तुला कसं वाटतं?’ एवढंच विचारावं. आणि मागच्या बाकाला वेगळं बोलावून सांगावं, की शब्द कुठला ते मला माहीत आहे, आणि तुम्ही तो कशासाठी वापरता तेही. शिक्षा द्यायची तर ती छळण्याची द्यावी, शब्दाची नको. शब्दावर बंदी घातली तर उद्या दुसरा येईल आणि तो बाईंना कळणारही नाही.

राहिला ‘सिक्स-सेव्हन’. याचा अर्थ शोधत बसू नका, कारण अर्थ नाहीच. स्क्रिला नावाच्या अमेरिकन रॅपरच्या गाण्यात हे दोन आकडे येतात, त्यावरून मुलांनी खेळ केला. दोन्ही तळवे वर करून तराजूसारखे खालीवर करायचे आणि ‘सिक्स-सेव्हन’ म्हणायचं. २०२५ साली डिक्शनरी डॉट कॉमनं यालाच वर्षाचा शब्द केलं. बाई ‘पान ६७ उघडा’ म्हणाल्या आणि वर्ग खिदळला, तर तो बाईंवर हसत नाही. मोठ्यांना कळत नाही, यातच त्याची मजा आहे. एकदा शांतपणे हसून ‘आता ६८’ म्हणावं आणि धडा पुढे न्यावा.

एक मात्र करू नये. मुलांशी जवळीक म्हणून आपणच ‘स्ले’, ‘रिझ’ म्हणत सुटू नये. मोठ्यांच्या तोंडी शब्द गेला की मुलांना तो शिळा वाटतो, आणि थोडी कीवही येते. शब्द त्यांचे त्यांना राहू द्यावेत. आपण फक्त एवढं बघावं, की तो कोणाला उद्देशून उच्चारला गेला आणि त्या मुलाचा चेहरा कसा झाला.