एक स्वरतंतू थांबतो तेव्हा

आज जो आवाज तुम्ही ऐकताय, तो दोन वर्षांपूर्वी तुम्हाला ऐकू आला नसता. मी कोलोनमध्ये आयटी सल्लागार आहे, म्हणजे दिवसाचे सहा तास बोलायचं काम. फेब्रुवारीत थायरॉईडची गाठ काढली आणि शुद्धीवर आलो तेव्हा तोंडातून शब्दांऐवजी हवाच बाहेर पडत होती. ऑनलाइन मीटिंगमध्ये सहकारी विचारायचे, "तुझा माईक बंद आहे का?" घरी सोडताना सांगितलं होतं की भूल देताना घातलेल्या नळीमुळे सूज आहे, दोन आठवड्यांत जाईल. ती गेली नाही. म्हणून आज हे सांगतोय.

आधी घशात काय घडतं ते बघू. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते दूर जातात, बोलताना जवळ येऊन एकमेकांवर थरथरतात. त्यांना हलवणारी मुख्य नस थायरॉईडला अगदी चिकटून जाते. डावी नस तर आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि मग परत गळ्यात येते. या वाटेवर कुठेही ती ताणली, दाबली किंवा कापली गेली, तर त्या बाजूचा तंतू अर्ध्यावरच थांबतो. दुसरा तंतू त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मधल्या फटीतून हवा निसटते आणि आवाज फुसका होतो.

याची खूण साध्या बसलेल्या आवाजापेक्षा वेगळी असते. सर्दीत आवाज घोगरा होतो, पण दम पुरतो. इथे अर्ध्या वाक्यातच हवा संपते. घरी एक परीक्षा करून बघा. खोल श्वास घ्या आणि "आ" म्हणत घड्याळ बघा. निरोगी मोठ्या माणसाला पंधरा सेकंद तरी सहज जमतात. माझे चार भरले. दुसरी खूण म्हणजे पाणी पिताना लागणारा ठसका, आणि खोकला काढायला गेलं तर त्यात जोर नसणं. पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, त्यामुळे ही खूण अंगावर काढू नका.

गळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन गोष्टी मागा. पहिली, नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतूंची तपासणी. जर्मनीत थायरॉईडच्या ऑपरेशनआधी आणि नंतर ती करावी अशी शिफारसच आहे. दुसरी, ऑपरेशनचा लेखी अहवाल. इथे बहुतेक ठिकाणी ऑपरेशन चालू असताना नसेचा विद्युत संकेत तपासत राहतात. शेवटपर्यंत संकेत आला की मध्येच गेला, हे त्यात लिहिलेलं असतं. माझ्या अहवालात डाव्या बाजूचा संकेत गेल्याची नोंद होती, ती मी तिसऱ्या आठवड्यात वाचली. नस दिसायला अखंड होती, पण ताणली गेली होती.

ऑपरेशन न होताच आवाज असा झाला असेल, तर प्रश्न वेगळा. मग कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन करतात, कारण फुप्फुसातली, अन्ननलिकेजवळची किंवा थायरॉईडची गाठ त्या लांब वाटेवर कुठेही नस दाबत असू शकते. कधी कधी कारण सापडतच नाही, आणि मग विषाणूमुळे नसेला सूज आली असावी असं मानतात. पण हा निष्कर्ष स्कॅननंतरचा. तीन-चार आठवडे आवाज बसलेला असेल तर काढा आणि गुळण्या पुरेशा नाहीत. कोलोनमध्ये घरच्या डॉक्टरांकडून कोड असलेली चिठ्ठी घेऊन 116117 वर फोन केला, तर घसातज्ज्ञांची वेळ साधारण महिन्याभरात मिळते.

आता उपचार. इथे खरा पेच वेळेचा आहे. ताणलेली नस सहा ते बारा महिन्यांत सावरू शकते, म्हणून कायमचं ऑपरेशन सहसा तेवढं थांबूनच करतात. पण वर्षभर मुकं कसं राहायचं? आमच्या धंद्यात मागे घेता येईल असा बदल आधी करतात, न घेता येणारा नंतर. इथेही तसंच आहे.

सातव्या आठवड्यात मला इंजेक्शन दिलं. घसा बधिर केला, नाकातून कॅमेरा घातला आणि गळ्याच्या त्वचेतून सुई घालून थांबलेल्या तंतूच्या बाजूला हायल्युरोनिक आम्ल भरलं. प्रमाण एक मिलिलिटरच्याही आत. तंतू फुगून मध्यरेषेकडे सरकतो आणि दुसऱ्या तंतूला टेकायला जागा मिळते. तो हलू लागत नाही, फक्त जागेवर येतो. पहिले काही दिवस आवाज जड आणि दाबल्यासारखा होता, कारण मुद्दाम थोडं जास्त भरतात. हा पदार्थ काही महिन्यांत शरीरात विरघळतो, आणि नेमकं तेच हवं असतं. ब्रुनिंग्स या जर्मन डॉक्टरने 1911 साली पॅराफिन भरून पाहिलं होतं. ते विरघळत नसे, सरकायचं आणि त्याच्या गाठी व्हायच्या. पुढे वापरलेल्या टेफ्लॉननेही गाठी झाल्या.

सोबत स्पीच थेरपी चालू होती. तिने नस जिवंत होत नाही. पण फट भरून काढायला आपण गळा आवळून बोलतो आणि मान दुखू लागते, ती सवय मोडते. सरकारी विमा असेल तर दर चिठ्ठीला दहा युरो आणि खर्चाचे दहा टक्के आपण भरतो.

चौथ्या महिन्यात स्नायूत बारीक सुई घालून विद्युत चाचणी केली. नस परतण्याची चिन्हं नव्हती. सप्टेंबरपर्यंत इंजेक्शनचा परिणाम ओसरला आणि माझे सेकंद पुन्हा पाचावर आले. वर्ष झाल्यावर थायरोप्लास्टी केली. ही पद्धत क्योटोच्या इशिकी यांनी 1974 मध्ये मांडली. गळ्यावर छोटा छेद देऊन स्वरयंत्राच्या कूर्चेत खिडकी कापतात आणि आतून तंतूला ढकलणारा तुकडा बसवतात, सिलिकॉनचा किंवा टायटॅनियमचा. भूल फक्त त्या जागेपुरती, कारण किती ढकलायचं हे तुमच्या आवाजावरून ठरतं. सर्जन म्हणाले, काहीही बोला. जर्मन आकडे आठवेनात, म्हणून मी बेचा पाढा सुरू केला. बे पंचे दहापर्यंत आवाज फुसका होता. त्यांनी तुकडा जरा सरकवला आणि बे सक बाराला खोलीतल्या नर्सने मान वर केली.

याच्या मर्यादाही ऐका. माझे सेकंद आता तेरा आहेत, वीस नाहीत. आरतीत वरच्या पट्टीला आवाज फाटतो. मागच्या बाजूची फट मोठी असेल तर या तुकड्याने ती बुजत नाही, तंतूमागची छोटी कूर्चा टाक्याने फिरवावी लागते. तरुण रुग्णांत गळ्यातलीच दुसरी नस जोडण्याचा पर्याय असतो, पण त्याचा परिणाम दिसायला काही महिने जातात. ऑपरेशननंतर सुजेने श्वास अडू शकतो, म्हणून पहिली रात्र मी रुग्णालयातच काढली.

आणि एक गोष्ट विसरू नका. दोन्ही तंतू मध्येच थांबले तर आवाज जवळजवळ ठीक राहतो, पण श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. तेव्हा वेळ ठरवत बसायचं नाही, लगेच 112.

आज रात्री जेवणानंतर एकदा "आ" म्हणून घड्याळ बघा. दहाच्या खाली आलात तर सकाळी पुन्हा मोजा, आणि तरीही तेवढेच भरले तर तो आकडा कागदावर लिहून घसातज्ज्ञांकडे घेऊन जा.