काठीचं लग्न: नातवंडांना गड्डा कसा सांगावा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो तेव्हा जिन्यात मुलांचा गोंधळ असायचा. आता ती मुलं परदेशात आहेत आणि त्यांची मुलं आपल्याला मोबाईलच्या पडद्यावर भेटतात. जानेवारीत आपण त्यांना गड्ड्याचे फोटो पाठवतो. उलट प्रश्न येतो, "आजोबा, ही एवढी उंच काठी कशाला?" आपण म्हणतो, "तो नंदीध्वज, सिद्धेश्वर महाराजांची यात्रा." नातू "ओके" म्हणतो आणि विषय संपतो. मला दिलेल्या दहा मिनिटांत एवढंच सांगणार आहे की "ओके"च्या पुढं कसं जायचं. त्यासाठी मी एकच वस्तू आणली आहे, ही फरशी पुसायच्या मॉपची दांडी. अशी दांडी त्यांच्या घरीही असते, म्हणून हीच निवडली.

पहिली पायरी गोष्ट न सांगता करायची. मुलाला म्हणायचं, तळहातावर पेन्सिल उभी करून दाखव. ती लगेच पडते. मग ही दांडी उभी करायला सांगायची. दांडी पेन्सिलीपेक्षा सावकाश कलते, त्यामुळं तळहात तिच्याखाली सरकवायला वेळ मिळतो. आता वरच्या टोकाला मोज्यांच्या चार जोड्यांचा गोळा बांधायचा. ती आणखी सावकाश कलते, पण एकदा फार कलली की सावरत नाही. आजूबाजूचं सामान आधी हलवायला सांगा, नाहीतर सूनबाईंचा फोन येईल.

हे जमलं की सांगायचं, आमच्या सोलापुरात अशाच, पण दुमजली घराहून उंच अशा सात काठ्या आहेत. वर हार, खारीक-खोबऱ्याच्या माळा, सगळा भार टोकाला. एक माणूस कमरेला पट्टा बांधून, दोन्ही हातांनी धरून ती उभी पेलतो आणि चालतो. सोबतची माणसं तिच्याकडं डोळे लावून असतात, तोल जातोय असं दिसलं की धावतात. थोडं अंतर गेलं की दुसरा खांदेकरी काठी घेतो. त्यासाठी कितीतरी दिवस आधीपासून रात्री सराव चालतो, तो आपण गल्लीगल्लीत पाहिला आहे. ज्या मुलानं स्वतः दांडी पेलून पाहिली, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी, ही काठी कोणाची? इथं सोपी वाक्यं हवीत. "खूप वर्षांपूर्वी, बाराव्या शतकात, आपल्या गावाचं नाव सोन्नलगी होतं. तिथं सिद्धरामेश्वर नावाचे योगी राहत. त्यांनी लोकांना बरोबर घेऊन मोठं तळं खोदलं. ते कन्नडमध्ये वचनं लिहीत. गावाभोवती त्यांनी अडुसष्ट शिवलिंगं स्थापली. त्यांच्या हातात एक काठी असे, तिला योगदंड म्हणतात." तळं आजही मंदिराभोवती आहे. त्याचा फोटो याच वेळी दाखवायचा, आधी नाही.

तिसरी पायरी लग्नाची. "एक कुंभाराची मुलगी रोज योग्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. तिनं त्यांच्याशी लग्न करायचं ठरवलं. ते म्हणाले, मी लग्न करू शकत नाही, मी देवाला वाहिलेला आहे. तिनं हट्ट सोडला नाही. तेव्हा ते म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर." आपले नंदीध्वज म्हणजे त्या योगदंडाचं रूप. मग तीन दिवस लग्नघरासारखे सांगायचे. १३ जानेवारीला यण्णीमज्जन, म्हणजे लग्नाआधीचं तेल लावून न्हाणं. त्या दिवशी नंदीध्वज मिरवत अडुसष्ट लिंगांकडं जातात आणि लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. १४ तारखेला संमती कट्ट्यापाशी अक्षता. काठ्यांना बाशिंग बांधलेलं असतं, सुगडी पूजन होतं, संमती वाचली जाते आणि पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक अक्षता टाकतात. सुगडी सांगताना "कुंभाराची मुलगी आठवते ना?" एवढंच विचारायचं, दुवा मूल स्वतः जोडतं. रस्त्यावरच्या लांबलचक रांगोळ्यांचंही तसंच.

आपल्याकडं दुपारी अक्षता पडतात तेव्हा अमेरिकेत मध्यरात्र उलटलेली असते. म्हणून थेट प्रक्षेपणाचा हट्ट नको. त्यांच्या संध्याकाळी दांडीला रुमाल बांधून, चिमूटभर तांदूळ हातात देऊन घरीच अक्षता टाकायला लावा.

चौथी पायरी अवघड आहे आणि माझ्या मते खरी कसोटी तीच. १५ तारखेला होम असतो. कथेत ती मुलगी अग्नीत प्रवेश करते. हे सांगायचं का? माझ्या नातीनं, वय वर्षं दहा, सरळ विचारलं, "लग्नानंतर ती कुठं राहिली?" घरात दोन मतं पडली. मुलगा म्हणाला, बाबा, लग्नापाशीच थांबा. माझं मत वेगळं होतं. ती उद्या मोबाईलवर स्वतः वाचेल आणि मग आजोबांनी लपवलं असं तिला वाटेल. शेवटी मी असं सांगितलं, "जुन्या गोष्टीत ती आगीत गेली. आता होमात कोणी माणूस जात नाही. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवतात, दागिने घालतात आणि ती पेंढी अग्नीला देतात." ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला ही गोष्ट इथं आवडली नाही." मी म्हणालो, "न आवडली तरी चालेल." बायकांना चितेवर चढवण्याची चाल पूर्वी आपल्या देशात होती, १८२९ साली बंगालमध्ये तिच्यावर कायद्यानं बंदी आली, हेही तिला सांगितलं. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मात्र लग्नापाशी थांबणंच बरं. मोठं झाल्यावर विचारेल तेव्हा सांगता येतं.

एक बारीक गोष्ट. होमाच्या दिवशी नंदीध्वजाला नागफणी बांधतात, म्हणून त्या दिवसाच्या फोटोत काठी वेगळी दिसते. मुलं हे लगेच ओळखतात आणि "ही दुसरी काठी का?" म्हणून विचारतात. तिचा तोल त्या दिवशी आणखी अवघड असतो, हे मोज्यांच्या गोळ्यावरून त्यांना आपोआप कळतं.

आणि मानाच्या सात काठ्या कोणाच्या, हे विसरू नका. पहिली हिरेहब्बूंची, आणि पुढं वेगवेगळ्या समाजांच्या करत मातंग समाजापर्यंत. माझ्या नातीचा यावरचा प्रश्न होता, "मुली धरतात का?" मी तिला सांगितलं की मी पाहिलेल्या मिरवणुकीत काठी पेलणारे पुरुषच होते. त्यावर तिनं दांडी उचलली, तळहातावर ठेवली आणि मोठ्यानं आकडे मोजले. एकोणिसाव्या आकड्याला दांडी पडली. परवा फोनवर म्हणाली, आता तेवीसपर्यंत जाते.

ही दांडी मी जाताना सोसायटीच्या ऑफिसात ठेवून जातो. ज्यांना रविवारी फोनवर वापरायची असेल त्यांनी न्यावी, फक्त परत आणून द्यावी.