महत्तम प्रवाह आणि लघुतम छेद

१९५५ साली अमेरिकेतील रँड संस्थेत टी. ई. हॅरिस आणि एफ. एस. रॉस यांनी सोव्हिएत रेल्वेचे जाळे कागदावर मांडले. पूर्व युरोपकडे जास्तीत जास्त किती माल जाऊ शकेल आणि ती वाहतूक तोडायची तर कोणते मार्ग तोडावेत, असा त्यांचा दुहेरी प्रश्न होता. दोन्हींचे उत्तर एकच आले : १,६३,००० टन. हा अहवाल १९९९ पर्यंत गोपनीय होता. परंतु ही समानता योगायोगाची नव्हे, हे फोर्ड आणि फुल्कर्सन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेने दाखवून दिले.

एक लहान जाळे घेऊ. आरंभस्थान 'उ', अंतिम स्थान 'अ' आणि मध्ये 'क' व 'ख' ही दोन जंक्शने. उ ते क रोज ७ मालगाड्या जाऊ शकतात, उ ते ख ४, क ते ख ३, क ते अ ३ आणि ख ते अ ७. उ ते क मार्गाने ६ गाड्या सोडल्या, त्यांतील ३ थेट अ कडे व ३ ख कडे वळवल्या, आणि उ ते ख ४ धाडल्या, तर एकूण १० गाड्या पोहोचतात.

आता उ पासून शोध सुरू करावा. ज्या मार्गावर जागा शिल्लक आहे त्यावरून पुढे जावे. ज्या मार्गाने आपल्याकडे माल येत आहे त्यावरून उलटही जावे, कारण तो माल कमी करता येतो. उ ते क मार्गावर एका गाडीची जागा आहे, म्हणून क गाठता येतो. त्यापुढे सर्व मार्ग भरलेले आहेत. उ आणि क एका बाजूस, ख आणि अ दुसऱ्या बाजूस, हाच छेद. त्याची क्षमता ४ + ३ + ३ = १०.

येथे एक चूक सहज होते. भरलेले सर्वच मार्ग छेदात धरले तर ख ते अ हाही मोजला जाऊन १७ येतात. म्हणून भरलेला मार्ग पुरेसा नाही. तो गाठलेल्या स्थानातून न गाठलेल्या स्थानाकडे जाणारा हवा. अ पासून उलट शोध घेतल्यास कअ आणि खअ यांचा, ३ + ७ असा, दुसरा लघुतम छेद मिळतो. छेद अनेक असू शकतात. मूल्य मात्र एकच.

कारण असे : कोणत्याही छेदातून पलीकडे जाणाऱ्या मालातून परत येणारा माल वजा केला की एकूण प्रवाह मिळतो, म्हणून प्रवाह कोणत्याही छेदाच्या क्षमतेहून अधिक असू शकत नाही. आपल्या छेदात पलीकडे जाणारा प्रत्येक मार्ग भरलेला असतो, नाहीतर शोध पुढे गेला असता. आणि परत येणारा प्रत्येक मार्ग रिकामा असतो, नाहीतर त्यावरून उलट जाता आले असते. म्हणून येथे दोन्ही मूल्ये तंतोतंत जुळतात. शोध जर अ पर्यंतच पोहोचला, तर प्रवाह अद्याप महत्तम झालेला नाही, आणि सापडलेल्या वाटेनेच तो वाढवावा.