तीन पायऱ्या की चार? पेटीवरच्या आमच्या कागदाची गोष्ट

आम्ही भजनी मंडळातल्या सातजणी आज तुमच्याशी बोलतोय ते एका कागदाबद्दल. वहीचं एकच पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या झाकणाला चिकटवलेलं. कीबोर्डच्या वर्गात आम्ही संगीतशास्त्राचा एक पाठ शिकलो. स्केल, स्वरांतरं, कॉर्ड अशी त्यात पुष्कळ पानं होती. त्यातलं रोज लागणारं तेवढं आम्ही या पानावर उतरवून घेतलं. पण त्याआधी आमची एक फजिती झाली होती.

एकादशीच्या कार्यक्रमात आमच्या मुख्य गाणाऱ्या काकूंनी भीमपलासातला अभंग धरला. त्यांचा सा काळी चार. नुकत्याच कॉर्ड शिकलो होतो, त्यामुळे हौसेनं आम्ही पेटीवर तीन पट्ट्या एकदम दाबून धरल्या: काळी चार, वरची पांढरी एक आणि काळी दोन. काकू दोन ओळी गायल्या, मग त्यांचा गंधार सरकायला लागला. कोरस त्यांच्या मागे सरकला. शेवटी काकूंनी हातानंच पेटी थांबवायला सांगितली आणि नुसत्या टाळांवर अभंग पुरा केला. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "पेटी माझ्याशी भांडत होती." पुढच्या कार्यक्रमाला पेटी नकोच, असंही ठरत आलं होतं.

भांडण कुठे होतं ते शोधताना आम्हांला मोजायला शिकावं लागलं. पेटीवर एका पट्टीवरून लगेच शेजारच्या पट्टीवर जायचं, मग ती काळी असो की पांढरी, ही एक पायरी. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, तसंच पांढरी सात आणि वरची पांढरी एक यांच्यामध्येही नाही. म्हणून तिथे पांढरीवरून पांढरीवर जाणं ही एकच पायरी. आमची सगळ्यांत मोठी चूक मोजण्यातच होती. ज्या पट्टीवर उभे आहोत तिलाच आम्ही 'एक' म्हणायचो. जिन्यावर उभं राहून चढायला लागतो तेव्हा पायाखालची पायरी कुठे मोजतो? सा म्हणजे शून्य.

कागदाच्या पहिल्या बाजूला म्हणूनच एवढंच आहे:

सा पासून कोमल रे १, शुद्ध रे २, कोमल ग ३, शुद्ध ग ४, म ५, तीव्र म ६, प ७, कोमल ध ८, शुद्ध ध ९, कोमल नी १०, शुद्ध नी ११, वरचा सा १२.

मेजर स्केल, म्हणजे आपले सगळे शुद्ध स्वर: २, २, १, २, २, २, १ अशा उड्या.

मायनर स्केल, म्हणजे आसावरी थाटाचे स्वर: २, १, २, २, १, २, २.

मेजर कॉर्ड: सा पासून ४, मग तिथून ३. मायनर कॉर्ड: सा पासून ३, मग तिथून ४.

आता आमच्या फजितीकडे या. काळी चारवरून मोजू. एक, पांढरी सहा. दोन, काळी पाच. तीन, पांढरी सात. चार, वरची पांढरी एक. भीमपलासात गंधार कोमल, म्हणजे काकूंचा गंधार पांढरी सातवर. आणि आम्ही धरून बसलो होतो पांढरी एक, म्हणजे शुद्ध गंधार! दोन्ही स्वर एकाच पायरीच्या अंतरावर, एकदम वाजणारे. असे दोन शेजारी एकत्र वाजले की आवाज खरखरतो, थरथरतो. आमच्या कॉर्डमध्ये चूक एकाच बोटाची होती. मधलं बोट एक पट्टी खाली घेतलं, की काळी चार, पांढरी सात, काळी दोन, ही झाली मायनर कॉर्ड. बाहेरची दोन बोटं जागची हललीसुद्धा नाहीत. तीन आणि चार मिळून सात, चार आणि तीन मिळूनही सातच. पंचम तोच राहतो.

कागदाची दुसरी बाजू कानासाठी आहे. एकजण पडद्यामागे दोन स्वर वाजवते, बाकीच्यांनी 'तीन' की 'चार' ते सांगायचं. खालच्या स्वराला सा मानायचं आणि आपल्याच गळ्यात शुद्ध सा, रे, ग म्हणायचं. वाजलेला स्वर आपल्या गंधारावर बसला तर चार. आपला गंधार त्याच्यापुढे गेला तर तीन. आधी गळा, मग पेटी. पेटी आधी वाजवून 'बरोबर वाटतंय' म्हणणं म्हणजे उत्तर बघून गणित सोडवणं.

पाच आणि सात यांत आमची फार गल्लत व्हायची. त्यावर तानपुरा हाच उपाय. पंचमात लावलेल्या तानपुऱ्याची पहिली तार खालच्या पंचमाची, पुढची सा ची. खालच्या पंचमावरून वर सा ला येणं म्हणजे पाच पायऱ्या. तीच पहिली तार मालकंसासाठी मध्यमात लावली की तिथून सा पर्यंत सात पायऱ्या. दोन्ही आलटून पालटून ऐका, फरक कानात राहतो.

कॉर्ड ओळखताना तिन्ही स्वर एकदम ऐकायचा हट्ट नको. आधी खालचा गुणगुणा, मग मधला शोधा. मेजर की मायनर ते मधलाच ठरवतो. सराव करताना पेटीचा कपलर मात्र बंद ठेवा, नाहीतर वेगळ्या सप्तकातला जोडस्वरही वाजतो आणि खालचा कुठला तेच कळत नाही.

आणखी एक अडचण काकूंनी दाखवून दिली. तानपुऱ्यावर गाताना त्यांचा शुद्ध गंधार पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. ती त्यांची चूक नव्हे. पेटीत सप्तकाच्या बारा पायऱ्या सारख्या मापाच्या करून बसवलेल्या असतात, त्यामुळे तिचा गंधार थोडा चढा आणि पंचम जवळजवळ चोख. पेटीचे स्वर असे घट्ट बसवलेले, मींड तर निघतच नाही. १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी आली, त्यामागे हे आक्षेप होते.

म्हणून कागदाच्या तळाशी आम्ही ठळक लिहून ठेवलंय: शंका असेल तर गंधार सोडा, नुसते सा आणि प धरा. त्यात मेजरही नाही, मायनरही नाही, गंधार गाणाऱ्याच्या गळ्यावर सोपवलेला. मालकंसात मात्र पंचम वर्ज्य, तिथे सा आणि म.

पुढच्या तालमीला आम्ही काकूंना विचारलं, "एकदा बसू का पेटीवर?" नुसते सा आणि प धरले. तिसऱ्या ओळीला मधलं बोट हळूच पांढरी सातवर ठेवलं. काकूंनी मान वळवून पाहिलं, पण हात काही वर केला नाही. अभंग संपल्यावर म्हणाल्या, "आज पेटी ऐकत होती." कार्यक्रमाला पेटी राहिली.

तुमच्या मंडळात पेटी असेल तर आज एवढंच करा. तुमच्या गाणाऱ्या ताईंची पट्टी विचारा, तिला शून्य म्हणा, आणि तीन व चार कुठे येतात तिथे पेन्सिलीनं बारीक खूण करा.